जाळीच्या जागी बांधलेला हार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या कंपनीत खळीचा वास नसायचा. वर्षातला तेवढा एकच दिवस. एरवी शिजलेल्या स्टार्चचा तो आंबूस वास कपड्यांना, डब्याला, केसांना असा चिकटून बसायचा की संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की बायको न बघता म्हणायची, "आधी आंघोळ करा." त्या दिवशी मात्र मशिनी बंद. पाइप लावून सगळं धुवायचं, घासायचं, जिथे रंग उडालाय तिथे हिरवा ऑइलपेंट मारायचा. दुपारनंतर साबणाचा, रंगाचा आणि झेंडूचा वास एकत्र यायचा. आज मी निवृत्त होऊन शहापूरजवळ माझ्या घराच्या ओट्यावर बसतो, पण दसऱ्याच्या आसपास रस्त्यावर झेंडूच्या राशी लागल्या की माझं मन सरळ मुरबाडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभं राहतं.

आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवायचो. मी सुपरवायझर होतो. शब्द मोठा आहे, पण काम म्हणाल तर सकाळी हजेरी, दिवसभर ओरडणं आणि मशीन रुसली की पाना घेऊन तिच्याखाली शिरणं. मी मोटारसायकलवरून किन्हवलीमार्गे यायचो. बायका शेअर जीपमधून यायच्या, म्हसा गावाच्या पलीकडच्या वाड्यांवरून, एकमेकींच्या मांडीवर बसून. पन्नासेक माणसांची कंपनी होती. दुपारी सगळे एकाच पत्र्याखाली जेवायचे. कुणाच्या डब्यात नाचणीची भाकर, कुणाच्या डब्यात सुकट, आणि माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी बघून सगळ्यांनी नाकं मुरडायची, हा रोजचा कार्यक्रम होता. इतकं चविष्ट जेवण मी नंतर कुठल्या लग्नात जेवलो नाही.

आमच्याकडे एक बाई खळीच्या मशीनवर होती. वाडीवरची, माझ्याच वयाची, बोलायला कमी आणि हाताला जलद. मशीन साधी होती. दोन रोलर एकमेकांना लागून आत फिरतात, खाली ट्रेमध्ये खळ, खालचा रोलर खळ उचलतो. एका बाजूने नालीदार पुठ्ठा आत सरकवायचा, दुसऱ्या बाजूला त्याला खळ लागून तो बाहेर येतो, तिथली बाई तो घेऊन त्यावर कागद बसवते. पुठ्ठा आत सरकवायचं काम हिचं. दर खंडेनवमीला ती आपल्या बांधावरचे झेंडू आणि भाताच्या ताज्या लोंब्या गोणपाटात भरून आणायची आणि तिथेच जमिनीवर बसून सगळ्या मशिनींचे हार ओवायची. विकतच्या हारांना आमच्या कंपनीत कुणी हात लावला नसता. शेठ मुंबईहून यायचे, नारळ फोडायचे आणि तिच्या हातचा हार पहिल्या मशीनला स्वतः बांधायचे. पहिली मशीन म्हणजे खळीची. कंपनी सुरू झाली ती तिच्यावर, म्हणून मान तिचा.

आणि एक रिवाज होता, आमचाच, कुणी सुरू केला ठाऊक नाही. दसऱ्याचा हार दिवाळीपर्यंत काढायचा नाही. सुकला, काळा पडला, तरी नाही.

त्या वर्षी रंगकामासाठी खळीच्या मशीनची जाळी काढली. ही लोखंडी जाळी रोलरच्या तोंडावर असते, पुठ्ठा जाईल एवढी फट ठेवून. हात मात्र आत जाऊ नये. चार बोल्ट, सतरा नंबरचा पाना. बोल्ट मीच काढले. जाळी भिंतीला टेकवून ठेवली, रंग वाळायला. दुसऱ्या दिवशी पूजा. शेठ हार घेऊन मशीनसमोर उभे राहिले, बांधायला जागा शोधू लागले आणि जाळीचे वरचे बोल्ट बसतात ते दोन लोखंडी कान त्यांना दिसले. अगदी हारासाठीच केल्यासारखे. त्यांनी हार दोन्ही कानांना सुतळीने घट्ट बांधला, मागे सरून बघितला, म्हणाले, "यंदा शोभतोय." खरंच शोभत होता. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले.

आता जाळी बसवायची तर हार काढायला हवा. आणि हार तर दिवाळीपर्यंत काढायचा नाही. मी एकदा जाळीकडे बघितलं, एकदा हाराकडे बघितलं, आणि ठरवलं, वीस दिवसांचा तर प्रश्न आहे. हे ठरवायला मला चहाचा एक घोट संपेल एवढासुद्धा वेळ लागला नाही. मॅनेजर येता जाता बघत होते. शेठनी तर स्वतः बांधलेला. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

चौथ्या दिवसापासून पाकळ्या गळायला लागल्या. त्या खळीत पडायच्या, रोलरला चिकटून वर यायच्या आणि पुठ्ठ्यावर पिवळट गाठ उमटायची. तेव्हा आमचं काम औषधांच्या पांढऱ्या खोक्यांचं चालू होतं. एक लॉट परत आला. मॅनेजरांनी मला झापलं, मी जाऊन तिला झापलं. म्हटलं, "पाकळी दिसली की उचलत जा ना, डोळे कुठे असतात?" ती म्हणाली, "बरं भाऊ."

मशीन बंद करून उचल, असं मी म्हटलं नाही. म्हणायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे खळीची मशीन शिफ्टमध्ये बंद करतच नसत. बंद केली की रोलरवर खळ वाळते, मग गरम पाण्याने धुवावा लागतो, वीस-पंचवीस मिनिटं जातात. तो वेळ शिफ्टमध्ये कुणी धरलेलाच नव्हता. त्यामुळे खळीत कागदाचा कपटा पडो की माशी, चालू रोलरवरूनच बोटाने टिपायची. मला तसंच शिकवलं होतं, मी पुढच्यांना तसंच शिकवलं. बोटं चपळ असली की झालं, असं आम्ही अभिमानाने सांगायचो. नव्या बाईला कामावर घेताना मी तिची बोटं बघायचो. हे आज लिहितानाही माझीच मला लाज वाटते.

सहाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, पाकळी उचलताना तिचा उजवा हात रोलरमध्ये गेला.

मशीन थांबवायचं लाल बटण पलीकडच्या अंगाला होतं, पुठ्ठा घेणाऱ्या बाईकडे. ज्या बाजूला हात अडकू शकतो त्या बाजूने ते कुणाच्या हाताला येणार नाही अशी ती मांडणी. आणि ती तशी आहे हे मला अकरा वर्षं दिसत होतं. पलीकडच्या बाईने बटण दाबलं. मी धावत आलो, बेल्ट उतरवला, चाक हाताने उलटं फिरवलं. ती ओरडली नाही. तिचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती माझा शर्ट मुठीत धरून होती. एवढं मला आठवतं, बाकीचं कुणी सांगितलं तर आठवतं. मुरबाडात बांधून घेतलं आणि कंपनीच्या गाडीने कल्याणला नेलं. तीन बोटं गेली. उरलेली दोन वाचली, पण करंगळी वाकेना.

त्याच संध्याकाळी मॅनेजरांनी मला हार काढून जाळी बसवायला सांगितली. मी बसवली. घाईत एक बोल्ट तिरका गेला, पुन्हा काढून घातला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. अपघाताची खबर कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात द्यावी लागते आणि कामगार विम्याच्या ऑफिसातही. मॅनेजरांनी सगळं टाइप करून ठेवलं होतं. हा माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगतो. माझ्या मुलीच्या लग्नात स्वतः पंगत वाढली होती त्यांनी. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की कामगार महिलेने सुपरवायझरची सूचना न जुमानता संरक्षक जाळी काढली आणि कामाशी संबंध नसताना, हारातली फुलं काढण्यासाठी, चालू मशीनमध्ये हात घातला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

"साहेब, जाळी तर..." मी म्हटलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्हालाही माहीत आहे. जाळी कोणी काढली, कोणी परत लावली नाही, पाकळ्या उचलायला कोणी सांगितलं, हे सगळं लिहू का? तुमचंच नाव येईल सगळीकडे."

मी सही केली. शेठना वाचवायला केली असं म्हणालो तर खोटं बोलेन. त्या कागदात "सुपरवायझरची सूचना न जुमानता" असे शब्द होते, आणि त्या शब्दांच्या आडोशाला मी जाऊन बसलो. कागदाने तिचं काय होणार होतं तेही मला कळत होतं. विम्यात कामगार बेसावध होता का, हे कुणी फारसं बघत नाही. पण अपघात कामातूनच झाला का, हे बघतात. कामाशी संबंधच नाही असं कंपनीने लिहिलं आणि माझ्यासारख्याने सही ठोकली, की उजव्या हाताची तीन बोटं गमावलेल्या बाईला कागद घेऊन दारोदार फिरावं लागणार. शिवाय जाळी हिनेच काढली असं ठरलं तर कामावर परत घ्यायचाही प्रश्न नव्हता.

मी दोनदा कल्याणला तिला भेटायला गेलो. सफरचंदं नेली. तिचा नवरा बाहेर बाकावर बसलेला असायचा. ती म्हणायची, "माजंच चुकलं भाऊ. हार पन माजाच आन् हात पन माजाच." आणि मग माझ्याकडे बघत राहायची. मी म्हणायचो, "आराम कर." मग खाली येऊन मोटारसायकलला किक मारायचो आणि निघायचो. त्या वर्षी दिवाळीत कंपनीत मिठाई वाटली गेली तेव्हा तिचा पुडा कुणी उचलला नाही, आणि तो बरेच दिवस हजेरीच्या टेबलावर तसाच पडून होता.

दिवाळीनंतर निरीक्षक आले. किरकोळ अंगाचा, चष्मा लावलेला माणूस, वहीत पेन्सिलीने लिहिणारा. अपघात होऊन एकोणीस दिवस झाले होते. त्यांनी तिलाही बोलावून घेतलं होतं. नवरा तिला जीपने घेऊन आला. हाताला पट्ट्या, डोक्यावरून पदर. निरीक्षक ऑफिसात बसलेच नाहीत. म्हणाले, "मशीनपाशी बोलू." मॅनेजर, मी, ती, तिचा नवरा आणि मागे उभ्या सगळ्या बायका.

त्यांनी कंपनीचा कागद तिला सावकाश वाचून दाखवला. "असंच झालं का, ताई?"

"व्हय," ती म्हणाली. "मीच हात घातला."

"जाळी तुम्ही काढलीत?"

तिने मान खाली घातली.

"कशाने काढलीत?"

निरीक्षक खाली वाकले. जाळीच्या एका बोल्टखालून सुतळीचा तुकडा बाहेर आला होता, त्यात झेंडूचा सुकलेला देठ अडकलेला. माझ्याच हातून घाईत आवळला गेलेला. त्यांनी तो पेन्सिलीच्या टोकाने हलवून बघितला. "हार इथे बांधला होता? मग हार असताना जाळी बसतच नसणार." त्यांनी मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजर म्हणाले, "जाळी या बाईंनी काढली, तसं साक्षीदारानं लिहून दिलंय."

"पाना कितीचा लागतो, ताई?" निरीक्षकांनी विचारलं.

तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. तिने हळूच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, रागही नव्हता. ती फक्त थांबली होती.

"सतरा नंबर," मी म्हणालो. "माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. जाळी मी काढली, पूजेच्या आदल्या दिवशी. हार शेठनी बांधला म्हणून परत लावली नाही. पाकळ्या उचलायला हिला मी सांगितलं. त्या कागदावर माझी सही आहे, पण तो कागद खोटा आहे."

माझा आवाज शेडभर ऐकू गेला असावा, कारण मागे कुणीतरी नाक ओढल्याचंही मला ऐकू आलं. निरीक्षकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वही उघडली.

"रोलर साफ करताना मशीन बंद करायची, अशी पद्धत आहे तुमच्याकडे?"

"नाही साहेब. बंद केली की धुवायला वीस-पंचवीस मिनिटं जातात."

"ती वीस मिनिटं शिफ्टमध्ये धरलीत?"

"नाही."

"बायकांनी चालू मशीन साफ करायची नाही, हे कायद्यात आहे. कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

मॅनेजर मध्येच म्हणाले, "पण साहेब, निष्काळजीपणा तर तिचाही झालाच ना?"

"माणूस चुकणारच," ते शांतपणे म्हणाले. "दमतो, घाई करतो, साहेब ओरडला म्हणून घाबरतो. हे धरूनच काम आखायचं असतं, आणि ते आखणं मालकाचं काम. जाळी, बटण, धुवायचा वेळ, शिकवणं, आणि शिकवलेलं पाळलं जातंय का ते बघणं. यातलं इथे काय होतं ते मला दाखवा, मग आपण बाईंच्या निष्काळजीपणाबद्दल बोलू."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सगळ्यांचे जबाब नव्याने घेतले, मशीन दुरुस्त होईपर्यंत वापरायची नाही असा लेखी हुकूम दिला आणि एसटीने निघून गेले. पुढे शेठवर आणि मॅनेजरांवर खटला झाला, त्यांनी चूक कबूल करून दंड भरला. विम्याच्या ऑफिसात माझा नवा जबाब गेला, आणि वैद्यकीय मंडळाने तिचा हात तपासून दरमहा पैसे लावून दिले, कायमचे. मशीनला नवी जाळी आली, उघडली की मशीन आपोआप थांबते अशी. लाल बटण दोन्ही अंगांना आलं. शिफ्टमध्ये दोनदा रोलर धुवायचा वेळ ठरला, आणि गंमत म्हणजे उत्पादन काही बुडालं नाही. वीस मिनिटांचा तो सगळा बाऊ आम्ही इतकी वर्षं कशापायी केला, देव जाणे. हार आता दाराच्या चौकटीला लागतो म्हणे. मला नोकरीवरून काढलं नाही. मॅनेजर मात्र मी निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या बोलण्याची मला खरंच आठवण यायची.

मंडळाचे कागद द्यायला मी तिच्या वाडीवर गेलो होतो. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढा पसरलेला. सून चुलीशी होती. पाणी मला तिने स्वतः आणून दिलं, डाव्या हाताने. आम्ही जुन्या गोष्टी बोललो, कुणाच्या डब्यातली सुकट कशी होती, जीप म्हशाच्या चढावर कशी बंद पडायची, त्या वर्षीचे पेढे. ती हसलीसुद्धा. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. तोवर मी मनात हे खूप वेळा घोकलं होतं.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं. "निरीक्षकांनी सरळ विचारलं होतं."

"मी घेतलं आसतं तं कोनी आयकलं आसतं, भाऊ? कागदावर तुमची सही. वाडीवरची बाई खोटं बोलते, आसंच म्हनले आसते. तुमी बोललात म्हनून आयकलं." मग ती म्हणाली, "दवाखान्यात पयल्यांदा आलात ना, तवाच मला वाटलं, आता बोलतील. मंग दुसऱ्यांदा आलात तवा वाटलं. मी वाट बघत व्हते."

म्हणजे "माजंच चुकलं" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहायची, ते यासाठी. आणि मी तिला आराम कर म्हणत होतो.

"पहिल्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं मी," मी म्हणालो. झालं गेलं, आता काय त्याचं, असं ती म्हणेल याची मी वाट बघितली. आमच्या सगळ्या बायका असंच म्हणतात, तीही म्हणेल असं मी धरूनच चाललो होतो.

"व्हय," ती म्हणाली. आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.